लाल शाईतला ‘इंटरसेप्ट?’ आणि त्याला लिहिलेलं पत्र

बारावीपर्यंत आपल्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल. आकृती पेन्सिलीने, उजव्या पानावर लेखन, शेवटी बाईंची सही. सही मिळाली की प्रयोग संपला. पदवीच्या पहिल्या वर्षाला, विशेषतः जिथे दर आठवड्याला रिपोर्ट द्यावा लागतो अशा संस्थांत, मुलांना प्रथमच सहीऐवजी शेरे मिळतात. शेरे तुटक असतात, कारण तपासणाऱ्यापुढे पूर्ण बॅचचा गठ्ठा असतो. मी स्वतः पुण्यात अशी प्रयोगशाळा घेते. माझे शेरेही तुटकच असतात. दोन शब्द आणि एक प्रश्नचिन्ह, एवढ्यावर मी पुढच्या पानाकडे वळते. त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ मुलांना कळला नाही, तर त्यांनी विचारायला हवं. बहुतेक मुलं विचारत नाहीत. जी विचारतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या ईमेलमध्ये एकच वाक्य असतं: ‘मॅडम, माझे मार्क का कापले?’ या वाक्याला उपयोगी पडेल असं उत्तर मला देता येत नाही. का, ते एका उदाहरणातून सांगते. वर्षानुवर्षं आलेल्या पत्रांवरून मी ते रचलं आहे, त्यातली विद्यार्थिनी कोणी एक मुलगी नाही.

प्रयोग सगळ्यांच्या ओळखीचा आहे, साध्या लंबकाचा. दोऱ्याला धातूचा गोळा टांगायचा, लहानसा झोका द्यायचा, वीस आंदोलनांना लागणारा वेळ स्टॉपवॉचवर मोजायचा. दोऱ्याची लांबी बदलत चार वेळा हेच करायचं. एका आंदोलनाच्या वेळेचा वर्ग उभ्या अक्षावर आणि लांबी आडव्या अक्षावर घेतली की सरळ रेषा मिळते. तिच्या चढावरून, म्हणजे स्लोपवरून, गुरुत्व त्वरण g काढायचं.

आपल्या विद्यार्थिनीने ४०, ६०, ८० आणि १०० सेंटीमीटर लांब्या घेतल्या. प्रत्येक लांबीला तीनदा वेळ मोजला. वाचनं नीटनेटकी होती. १०० सेंटीमीटरला तिचे तीन वेळ ४०.३१, ४०.४७ आणि ४०.३९ सेकंद आले. आलेख संगणकावर काढला आणि शेवटी लिहिलं: g = ९.६४३७ ± ०.००५ मीटर प्रति सेकंद वर्ग. पुस्तकातल्या ९.८१ पेक्षा हे कमी आहे, कारण हवेचा विरोध, असं तिचं स्पष्टीकरण. वीसपैकी बारा मार्क मिळाले. शेरे तीन होते: ‘सिग फिग्ज’, ‘एरर कुठून?’ आणि आलेखाशेजारी ‘इंटरसेप्ट?’

पहिल्या शेऱ्यासाठी कोणाला पत्र लिहायची गरज नाही. आपली अनिश्चितता हजारांशाच्या घरात आहे असं आपणच म्हणत असू, तर दहा हजारांशाचा अंक लिहिण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं आणि ती उघडून पाहणं हे पत्राआधीचं काम आहे. पुस्तिकेत उत्तर असलेला प्रश्न पत्रात आला की बाकीच्या खऱ्या प्रश्नांचंही वजन कमी होतं.

दुसरा शेरा थोडा खोल आहे. ±०.००५ हा आकडा तिने स्टॉपवॉचच्या लीस्ट काउंटवरून काढला होता. घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं, म्हणून चूकही तेवढीच, असा हिशेब. पण बटण दाबतो तो माणूस. तिचीच तीन वाचनं एकमेकांपासून ०.०८ सेकंदाच्या अंतराने आहेत, म्हणजे लीस्ट काउंटच्या आठपट. खरी अनिश्चितता या विखुरण्यातून येते आणि ती तिच्या वहीत आधीपासूनच होती. ‘कुठून?’ या शब्दाचा रोख तिकडे होता.

खरी कळ तिसऱ्या शेऱ्यात आहे. सूत्रानुसार लांबी शून्य तर वेळही शून्य, म्हणून रेषा मूळबिंदूतून जायला हवी. त्यामुळे तिने आलेख काढताना Set Intercept या पर्यायावर खूण करून तिथे ० भरलं. आपलं बरोबर आहे असं तिला वाटत होतं, आणि सूत्र पाहिलं तर वाटणं स्वाभाविकही आहे. म्हणूनच ‘इंटरसेप्ट?’ हा शेरा तिला अजिबात उलगडला नाही. इथे विचारायलाच हवं.

आता दोन पत्रं शेजारी ठेवू. पहिल्यात ती लिहिते, ‘मॅडम, मी रेषा मूळबिंदूतून काढली आहे, सूत्र तसंच आहे, मग मार्क का कापले? कृपया मार्क वाढवावेत.’ याला मी उत्तर देईन तर पूर्ण धडाच लिहावा लागेल. नाहीतर ‘भेटायला या’ एवढंच लिहीन. तिला नेमकं काय कळलं आणि काय नाही, हे या पत्रातून मला दिसतच नाही. दुसरं पत्र असं आहे. प्रत्यक्षात मुलं इंग्रजीत लिहितात, इथे मराठीत देते.

विषय: मंगळवार बॅच, प्रयोग ३ (साधा लंबक), दोन शेऱ्यांबद्दल शंका

‘मॅडम, नमस्कार. प्रयोग ३ चा तपासलेला रिपोर्ट काल मिळाला. सिग्निफिकंट फिगर्सचा शेरा पुस्तिका पाहून समजला. दोन शेऱ्यांबद्दल विचारायचं आहे.

पान ४ वर “एरर कुठून?” असं आहे. मी लीस्ट काउंट घेतला होता. त्याऐवजी तीन वाचनांमधला फरक घ्यायला हवा होता का?

पान ५ वर आलेखाशेजारी “इंटरसेप्ट?” असं आहे. मी रेषा शून्यातून जायला भाग पाडली होती. ती मोकळी सोडून पुन्हा काढली तर स्लोप ४.०३ येतो आणि इंटरसेप्ट ०.०५ सेकंद वर्ग. ०.०५ ला ४.०३ ने भागलं तर १.२४ सेंटीमीटर मिळतात. वहीत व्हर्नियरने मोजलेला गोळ्याचा व्यास २.५ सेंटीमीटर आहे. मी लांबी फक्त दोऱ्याची, गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत मोजली होती. इंटरसेप्ट त्यामुळे आला असेल का?

हे बरोबर असेल तर वाचनं न बदलता फक्त आलेख, अनिश्चितता आणि निष्कर्ष सुधारून पुन्हा देण्याची परवानगी मिळेल का? मार्क वाढवता येत नसतील तरी आपण एकदा पाहावं अशी विनंती आहे. गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेत येऊ शकते.’

खाली नाव आणि रोल नंबर. पत्र वाचायला दोन मिनिटं पुरतात आणि उत्तर एका ओळीचं आहे: हो, दोन्ही बरोबर, सोमवारपर्यंत द्या.

लंबकाची लांबी टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. दोराच मोजला तर प्रत्येक लांबीत गोळ्याची त्रिज्या कमी पडते. चारही बिंदू सारखेच डावीकडे सरकतात. रेषेचा चढ बदलत नाही, फक्त ती मूळबिंदूच्या वरून जाते. म्हणजे इंटरसेप्ट मोकळा सोडला असता तर g बरोबरच आलं असतं: ४.०३ वरून ९.८०, आणि वाचनांच्या विखुरण्यावरून अनिश्चितता साधारण ०.०५. शून्याची सक्ती केल्यावर रेषेला ते वरचे बिंदू गाठण्यासाठी जास्त चढावं लागलं आणि g ९.६४ वर घसरलं. हवेच्या विरोधाचा परिणाम या प्रयोगात याहून कितीतरी लहान असतो, तो इथे उगाच आरोपी झाला. शिवाय तुलना करायची ती पुस्तकातल्या ९.८१ शी नाही. पुणे-मुंबईच्या अक्षांशावर g सुमारे ९.७८ ते ९.७९ असतं. ९.८० ± ०.०५ त्याच्याशी छान जुळतं.

या पत्रात मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते ‘वाचनं न बदलता’ हे शब्द. पुन्हा देण्याची परवानगी मागताना ही सीमा स्वतःहून आखणारी मुलं थोडी असतात. गणित, आलेख, निष्कर्ष, वाक्यरचना हे सगळं सुधारता येतं. प्रयोगाच्या दिवशी वहीत उतरलेला आकडा सुधारता येत नाही, तो चुकीचा वाटला तरी नाही. गोळ्याची त्रिज्या आता लांबीत मिळवायची असेल तर तेही चालतं, कारण व्यास त्याच दिवशी मोजून लिहिलेला आहे. व्यास मोजलाच नसता तर अंदाजाने २.५ लिहिणं ही बनवाबनवी झाली असती. अशा वेळी पत्रात ‘व्यास मोजायचा राहिला, प्रयोगशाळेत येऊन मोजू का?’ असं विचारणं हाच सरळ मार्ग. दुसऱ्यांदा दिलेल्या रिपोर्टमध्ये काय बदललं ते पहिल्याच पानावर दोन ओळींत लिहावं आणि तपासलेली जुनी प्रत सोबत जोडावी, म्हणजे शिक्षकाला दोन रिपोर्ट ओळीने ताडून पाहावे लागत नाहीत.

परवानगी नाकारली जाऊ शकते, हेही सांगायला हवं. एकाला संधी दिली तर सगळ्या बॅचला द्यावी लागते, आणि काही अभ्यासक्रमांत नियमच तसा असतो. काही ठिकाणी दुरुस्त रिपोर्ट घेतात, पण कापलेल्या मार्कांचा काही भागच परत देतात. म्हणून शंका आणि परवानगी एकाच वाक्यात गुंतवू नयेत. वरच्या पत्रात दोन्ही वेगळी आहेत. परवानगी नाही मिळाली तरी शंकांचं उत्तर तिला मिळतंच.

आणि चूक तपासणाऱ्याचीही असते. बेरीज चुकते, एखादं पान उलटायचं राहतं. तेव्हा पान क्रमांक देऊन साधं लिहावं: ‘पान ६ वरील उत्तराला मार्क दिलेले दिसत नाहीत, कृपया पाहाल का?’ पत्र आधी ज्याने तपासलं त्यालाच पाठवावं, थेट विभागप्रमुखांना नाही. मार्क पाहिल्याच्या रात्रीही पाठवू नये. दुसऱ्या दिवशी, वही समोर ठेवून लिहावं.

पण फार उशीरही करू नका. लंबकानंतर बऱ्याच ठिकाणी स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचा प्रयोग असतो. तिथेही वेळेचा वर्ग आणि वस्तुमान यांची रेषा मूळबिंदूतून जात नाही, कारण स्प्रिंगचं स्वतःचं वजन असतं आणि त्याचा साधारण एक तृतीयांश भाग टांगलेल्या वजनात मिळवावा लागतो. लंबकाच्या रिपोर्टवरचा ‘इंटरसेप्ट?’ तोपर्यंत समजला नसेल, तर तोच शेरा त्याही रिपोर्टवर येईल. तेव्हा पत्र स्प्रिंगचा रिपोर्ट जमा करण्याआधी पाठवा.