अनंत पदांची बेरीज आणि x ची मर्यादा

एक भाकरी घेतली. तिच्यातील अर्धी वाढली, मग उरलेल्या अर्धीतील अर्धी वाढली, पुन्हा उरलेल्या चतकोराची अर्धी वाढली. हा क्रम कितीही वेळा चालविला तरी वाढलेले सर्व तुकडे मिळून एका भाकरीहून अधिक कधीच होणार नाहीत आणि जितके पुढे जावे तितके ते पूर्ण भाकरीच्या अधिकाधिक जवळ येतील. न संपणाऱ्या बेरजेला ठराविक उत्तर असू शकते, हे एवढ्यावरून पटते. परंतु प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या निम्मा असतो म्हणून हे घडते. तो आधीच्या इतकाच असता, किंवा दुप्पट असता, तर बेरीज कोठेही थांबली नसती. ज्या श्रेणीत हे प्रमाण ठरलेले नसून x या चलावर अवलंबून असते, तिची बेरीज x च्या कोणत्या किमतींना निश्चित असते आणि ती किती येते, हे आपण या लेखात पाहू. दहावीनंतर गणिताशी संबंध सुटलेल्या वाचकांनाही साधी बीजगणिती आकडेमोड आठवत असेल, तर पुढील विवेचन अवघड जाऊ नये.

ज्या श्रेणीत प्रत्येक पद आधीच्या पदाला एकाच संख्येने गुणून मिळते, तिला भूमिती श्रेणी म्हणतात आणि त्या संख्येला सामान्य गुणोत्तर म्हणतात. हे गुणोत्तर r मानू आणि पहिले पद 1 धरू. पहिल्या n पदांची बेरीज अशी होईल:

S = 1 + r + r² + … + rⁿ⁻¹

दोन्ही बाजूंना r ने गुणले, तर

rS = r + r² + r³ + … + rⁿ

वरच्या ओळीतून खालची ओळ वजा केली की मधली सर्व पदे एकमेकांना छेदून जातात आणि पहिल्या ओळीतील 1 व दुसऱ्या ओळीतील rⁿ एवढीच दोन पदे उरतात. म्हणजे (1 − r)S = 1 − rⁿ. r ची किंमत 1 नसेल, तर

S = (1 − rⁿ) / (1 − r)

येथपर्यंत अनंताचा प्रश्न आलेला नाही. तो आता येतो. पदांची संख्या n वाढत गेली, तर या सूत्रात बदलणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे rⁿ. r हा −1 आणि 1 यांच्या दरम्यान असेल, तर त्याचा घात वाढेल तसे rⁿ शून्याकडे झुकते आणि बेरीज 1/(1 − r) या संख्येवर स्थिरावते. अशा श्रेणीस अभिसारी म्हणतात. r चे केवल मूल्य 1 पेक्षा मोठे असेल, तर rⁿ अमर्याद वाढते आणि श्रेणी अपसारी ठरते. r = 1 असता सर्व पदे 1 असल्यामुळे बेरीज वाढतच राहते, आणि r = −1 असता ती 1 व 0 यांच्यात हेलकावे खाते. म्हणून पहिले पद शून्य नसेल, तर भूमिती श्रेणी |r| < 1 असतानाच अभिसारी असते. पुढचे सारे काम या एका अटीतून निघते.

आता r च्या जागी x असलेले एक पद घेऊ. पुढील श्रेणी पाहा:

1 + (x − 2)/3 + ((x − 2)/3)² + ((x − 2)/3)³ + …

येथे गुणोत्तर (x − 2)/3 आहे. अट अशी की त्याचे केवल मूल्य 1 पेक्षा लहान हवे, म्हणजेच

−1 < (x − 2)/3 < 1

तीन ही धन संख्या असल्यामुळे तिने सर्वत्र गुणले तरी असमानतेची दिशा बदलत नाही. त्यामुळे −3 < x − 2 < 3 मिळते आणि दोन मिळविल्यावर −1 < x < 5 हे अंतराल हाती येते. त्याचा मध्यबिंदू 2 आहे, तेथे गुणोत्तर शून्य होते. मध्यापासून दोन्ही बाजूंना तीनपेक्षा कमी अंतरावर असलेली प्रत्येक किंमत चालते.

या अंतरालात बेरीज अशी येते:

1 / (1 − (x − 2)/3) = 3 / (5 − x)

उत्तर पडताळून पाहणे सोपे आहे. x = 3 घेतले तर गुणोत्तर 1/3 होते आणि सूत्र 3/2 देते. प्रत्यक्ष बेरीज करत गेलो, तर 1, नंतर 1.333, नंतर 1.444, नंतर 1.481 अशी ती दीडकडे सरकताना दिसते. x = 0 घेतले तर गुणोत्तर −2/3 होते आणि बेरीज 3/5 येते. या वेळी आंशिक बेरजा एकदा उत्तराच्या वर आणि एकदा खाली जात हळूहळू त्याच्या जवळ येतात.

अनेक विद्यार्थी येथे थांबतात. खरी कसोटी मात्र अंतरालाच्या टोकांवर आणि त्याबाहेर लागते, कारण 3/(5 − x) हे सूत्र तेथेही गप्प बसत नाही. x = −1 ठेवले तर ते 1/2 हे उत्तर देते, परंतु श्रेणी 1 − 1 + 1 − 1 + … अशी असते. तिच्या आंशिक बेरजा 1, 0, 1, 0 याच राहतात आणि अर्ध्याजवळ स्थिरावत नाहीत. x = 8 ठेवले तर गुणोत्तर 2 होते, श्रेणी 1 + 2 + 4 + 8 + … अशी होते आणि सूत्र सांगते की बेरीज −1 आहे. धन संख्यांची सतत वाढणारी बेरीज ऋण कशी असेल? सूत्र काढताना rⁿ शून्याकडे जाते असे आपण मानले होते. येथे ते शून्याकडे जात नाही, म्हणून सूत्राला येथे बोलण्याचा अधिकार उरलेला नाही.

हा प्रश्न केवळ शाळकरी नव्हे. इटलीतील गीदो ग्रांदी या धर्मोपदेशक गणितज्ञाने १७०३ मध्ये 1 − 1 + 1 − 1 + … या श्रेणीची चर्चा केली आणि तिची बेरीज अर्धी मानली. लाइब्निट्ससारख्या थोर गणितज्ञालाही अर्धे हे उत्तर मान्य होते. ऑयलरने तर 1 + 2 + 4 + 8 + … ची बेरीज −1 मानण्याचे समर्थन केले. कोशी याने १८२१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या विश्लेषणावरील पाठ्यग्रंथात मात्र स्पष्ट भूमिका घेतली की अपसारी श्रेणीला बेरीज नसते. आज शाळा-महाविद्यालयांत 'बेरीज' या शब्दाचा जो अर्थ शिकविला जातो, तो हाच आहे: आंशिक बेरजा ज्या एका संख्येकडे जातात ती संख्या. त्यांना एकाच संख्येकडे जाता येत नसेल, तर बेरीज नाही. पुढील काळात अपसारी श्रेणींना वेगळ्या व्याख्येने किंमत देण्याच्या पद्धती निघाल्या, आणि त्यांपैकी काहींत ग्रांदीचे अर्धे उत्तरही योग्य ठरते. परंतु ती व्याख्या वेगळी असते आणि तसे आधी सांगावे लागते.

टोकाच्या आत, पण अगदी जवळ असलेल्या किमतींबाबतही सावध राहावे. x = 4.9 ही किंमत अंतरालात आहे, म्हणून श्रेणी अभिसारी आहे आणि सूत्राप्रमाणे बेरीज 30 येते. पण पहिल्या दहा पदांची बेरीज करून पाहिली, तर ती नऊपर्यंतही पोहोचत नाही; शंभर पदांनंतर ती सुमारे २९ होते. दहा-वीस पदे मोजून 'बेरीज इतकी दिसते' असा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे. निर्णय अटीवरून घ्यावा, आकडेमोड पडताळ्यापुरती ठेवावी.

x छेदात असेल, तर आणखी एक अडचण येते. समजा गुणोत्तर x/(x + 1) आहे. अट |x/(x + 1)| < 1 अशी लिहिल्यावर पुष्कळजण दोन्ही बाजूंना x + 1 ने गुणतात आणि x < x + 1 हे सदैव सत्य विधान पाहून 'श्रेणी सर्व किमतींना अभिसारी आहे' असे लिहितात. x + 1 ऋण असेल तर गुणताना असमानतेची दिशा उलटते, हे त्यांच्या लक्षातून निसटते. सुरक्षित मार्ग असा: अट |x| < |x + 1| अशी मांडावी. दोन्ही बाजू ऋण नसल्यामुळे त्यांचे वर्ग घेता येतात. मग x² < x² + 2x + 1, म्हणजेच x > −1/2. या मर्यादेत बेरीज

1 / (1 − x/(x + 1)) = x + 1

इतकी सुटसुटीत येते. x = 1 असता श्रेणी 1 + 1/2 + 1/4 + … होते आणि बेरीज 2 येते. पण x = −2 घेतले तर गुणोत्तर 2 होऊन श्रेणी अपसारी ठरते. x + 1 ही राशी तेथेही −1 अशी निमूटपणे मिळते, पण ती त्या श्रेणीची बेरीज नसते. म्हणून उत्तर लिहिताना 'बेरीज x + 1, जेथे x > −1/2' असे दोन्ही भाग लिहावेत. मर्यादा वगळली तर उत्तर अपुरे नव्हे, चुकीचे होते.

शेवटी पहिल्या पदाविषयी. तेही x वर अवलंबून असू शकते, आणि ते शून्य होत असेल तर वरची अट लागू राहत नाही. उदाहरणार्थ, x² + x²/(1 + x²) + x²/(1 + x²)² + … या श्रेणीचे गुणोत्तर 1/(1 + x²) आहे. x शून्य नसेल, तर ते 0 आणि 1 यांच्या दरम्यान असते, श्रेणी अभिसारी असते आणि बेरीज 1 + x² येते. x = 0 असता गुणोत्तर 1 होते, म्हणून श्रेणी अपसारी असावी असे वाटते. पण तेव्हा प्रत्येक पदच शून्य असते, त्यामुळे बेरीज निश्चितपणे 0 आहे. 1 + x² मध्ये शून्य घातले तर 1 मिळतो, आणि तो येथे खोटा ठरतो. x शून्याच्या कितीही जवळ नेला तरी बेरीज एकाहून थोडी अधिकच राहते आणि नेमकी शून्यावर येताच ती एकदम 0 होते. अशी किंमत सूत्रात सापडत नाही. ती मूळ श्रेणीत x ठेवूनच पाहावी लागते. म्हणून अशा प्रत्येक प्रश्नात प्रथम गुणोत्तर ओळखावे, मग |r| < 1 सोडवून अंतराल काढावे, टोके आणि पहिले पद शून्य करणाऱ्या किमती मूळ श्रेणीत घालून तपासाव्यात, आणि त्यानंतरच बेरजेचे सूत्र लिहावे.