वेग घेणाऱ्या टाकीतले तिरपे पाणी

उभ्या असलेल्या टँकरमधल्या पाण्याचा पृष्ठभाग आडवा, समतल असतो. टँकर सरळ सपाट रस्त्यावर ताशी 60 किलोमीटरच्या एकसारख्या वेगाने धावत असेल, तरीही तो समतलच राहतो. पाणी तिरपे होते ते वेग बदलताना. टँकर पुढच्या दिशेने वेग घेऊ लागला की पाणी मागच्या भिंतीवर चढते आणि पुढच्या भिंतीपाशी उतरते. ब्रेक लागला की याच्या उलट घडते. वेग बदलण्याचा दर, म्हणजे त्वरण, काही काळ स्थिर राहिले तर पाणी एका ठरावीक तिरप्या स्थितीत येऊन टाकीसोबत जणू एकसंध ठोकळ्यासारखे सरकू लागते. हा उतार किती असेल, हे द्रवस्थितिशास्त्रातल्या एका साध्या हिशेबाने सांगता येते.

त्यासाठी टाकीच्या मागच्या भिंतीपासून पुढच्या भिंतीपर्यंत जाणारी पाण्याचीच एक बारीक आडवी कांडी कल्पावी. टाकी पुढे वेग घेते तेव्हा या कांडीलाही तेवढेच त्वरण मिळायला हवे आणि त्यासाठी तिला पुढे ढकलणारे बल हवे. स्थिर स्थितीत पाण्याचे थर एकमेकांवर घसरत नसल्याने कांडीच्या बाजूंवर घर्षण नसते. ढकलण्याचे काम फक्त तिच्या दोन टोकांवरचा दाब करू शकतो. म्हणून मागच्या टोकावरचा दाब पुढच्या टोकावरच्या दाबापेक्षा जास्त असायलाच हवा. कांडीची लांबी L, पाण्याची घनता ρ आणि त्वरण a धरले, तर दाबातला हा फरक ρaL इतका येतो.

उभ्या दिशेने मात्र टाकीला त्वरण नाही. त्यामुळे तिथे नेहमीचाच नियम चालतो: कोणत्याही बिंदूवरचा दाब त्याच्या थेट वर असलेल्या पाण्याच्या उंचीवर ठरतो आणि h खोलीवर तो ρgh असतो. एकाच आडव्या पातळीवर मागे दाब जास्त आणि पुढे कमी हवा असेल, तर मागे पाण्याची उंची जास्त आणि पुढे कमी असणे हाच एक मार्ग उरतो. उंचीतला फरक Δh मानला, तर ρgΔh = ρaL. दोन्ही बाजूंची घनता निघून जाते आणि उतार मिळतो:

tan θ = Δh/L = a/g

इथे θ हा पृष्ठभागाचा आडव्या रेषेशी होणारा कोन आणि g हे गुरुत्व त्वरण, म्हणजे सुमारे 9.81 मीटर प्रति सेकंद वर्ग. सूत्रात घनता नसल्यामुळे पाणी, दूध, डिझेल किंवा पारा यांपैकी काहीही भरले तरी तेवढ्याच त्वरणाला उतार तेवढाच येतो. पाण्याची खोली किंवा टाकीची लांबी बदलूनही कोन बदलत नाही. लांबीच्या प्रत्येक मीटरमागे दाबात सारखाच फरक लागतो, म्हणून पृष्ठभाग वक्र न होता सपाट राहतो.

एक उदाहरण आकड्यांत पाहता येईल. प्रत्यक्षातले टँकर बहुधा लंबगोल आणि वरून बंद असतात. हिशेबाच्या सोयीसाठी 4 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 1.8 मीटर उंच अशी उघडी आयताकृती टाकी घ्यावी. तिच्यात 1.2 मीटर खोल, म्हणजे 9600 लिटर पाणी आहे. गाडीने 2 मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वेग घेतला, तर उतार 2/9.81, म्हणजे सुमारे 0.204 येतो. पाणी सांडत नाही तोवर टाकीच्या मधोमध पातळी 1.2 मीटरच राहते, कारण एका बाजूला जेवढे पाणी चढते तेवढेच दुसऱ्या बाजूला उतरते. मध्यापासून भिंत 2 मीटरवर आहे, म्हणून मागे पाणी 0.41 मीटर चढून 1.61 मीटरवर जाते आणि पुढे 0.79 मीटरवर येते.

हे उत्तर दुसऱ्या वाटेने तपासता येते. मागच्या आणि पुढच्या भिंतीवरच्या पाण्याच्या बलांतला फरक काढला तर तो सुमारे 19,200 न्यूटन भरतो. पाण्याचे वस्तुमान 9600 किलोग्रॅम. त्याला 2 ने गुणले की हेच बल मिळते. भिंतींवरचा हा असमतोलच सगळ्या पाण्याला पुढे नेतो.

आता जोरात ब्रेक लागला आणि वेग दर सेकंदाला 4 मीटर प्रति सेकंदाने घटू लागला असे समजावे. उतार 0.408 होतो आणि पुढच्या भिंतीपाशी पाणी 0.82 मीटर चढायला हवे. पण काठापर्यंत जागा फक्त 0.6 मीटर आहे, म्हणून पाणी सांडणार. या टाकीची मर्यादा 0.6/2 = 0.3 हा उतार, म्हणजे सुमारे 2.9 मीटर प्रति सेकंद वर्ग. किती सांडले हे शोधताना मधली पातळी 1.2 मीटर धरून चालत नाही. पुढचा काठ हाच आधार मानावा लागतो. तिथे उंची 1.8 मीटर आणि 4 मीटर मागे 1.63 मीटरने कमी, म्हणजे अवघी 0.17 मीटर. सरासरी उंची 0.98 मीटर येते, आणि मूळ 1.2 मीटरशी तुलना केली की सुमारे 1700 लिटर पाणी गेल्याचे दिसते.

टाकी झाकणबंद आणि काठोकाठ भरलेली असेल तर पाण्याला चढायला जागाच नसते. पृष्ठभाग तिरपा दिसत नाही, पण दाबातला फरक तसाच राहतो. याच ब्रेकखाली पुढच्या भिंतीवर मागच्यापेक्षा ρaL, म्हणजे 16,000 पास्कल जास्त दाब असतो. जादा 1.63 मीटर उंच पाणी उभे केल्यावर पडेल एवढाच तो असतो.

हे सूत्र पाणी स्थिरावल्यानंतरची स्थिती सांगते, तिथवर पोचतानाची नाही. वरच्या टाकीत पाणी लांबीच्या दिशेने एकदा मागेपुढे हेलकावायला सुमारे 2.6 सेकंद घेते. ताशी 60 किलोमीटरवरून त्या ब्रेकने थांबायला जेमतेम 4.2 सेकंद लागतात. ब्रेक एकदम लागला तर पाणी स्थिर उतारापाशी न थांबता पुढे जाते. हेलकावे लहान धरले तर चढ सूत्राच्या जवळपास दुप्पट होऊ शकतो. ब्रेक सावकाश दाबला, तर ही जादा उसळी बरीच कमी होते.

टँकरच्या पोटात आडव्या भिंती घालतात त्या यासाठीच. टाकी मध्यभागी पूर्ण बंद भिंतीने दुभागली, तर प्रत्येक कप्पा 2 मीटरचा होतो. त्याच ब्रेकला कोन तोच राहतो, पण मध्यापासूनचे अंतर निम्मे झाल्याने स्थिर चढ 0.41 मीटरवर येतो आणि 0.6 मीटरच्या जागेत मावतो. भिंतीला भोके असतील तर दोन्ही कप्प्यांतले पाणी एकमेकांत वाहते आणि ब्रेक पुरेसा लांबला तर शेवटचा उतार अखंड टाकीइतकाच होतो. मात्र भोकांतून पाणी सावकाश जाते आणि हेलकाव्यातली ऊर्जा तिथे खर्ची पडते. बंद भिंत चढाची उंची कमी करते, तर भोकांची भिंत उसळी आवरते.