२३५० चे २०३५ कसे झाले?

विद्यार्थी मित्रहो, समजा तुमच्या शाळेच्या भित्तिपत्रकासाठी तुम्हाला हिमालयातील हिमनद्यांवर एक लेख लिहायचा आहे. वाचनालयातल्या एका जाडजूड अहवालात तुम्हाला एक वाक्य सापडते. जगातल्या इतर कोणत्याही भागापेक्षा हिमालयातल्या हिमनद्या अधिक वेगाने मागे हटत आहेत आणि हाच वेग राहिला तर २०३५ सालापर्यंत, कदाचित त्याही आधी, त्या नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे, असा त्याचा अर्थ आहे. पुढे असेही म्हटले आहे की २०३५ पर्यंत त्यांचे क्षेत्रफळ ५ लाख चौरस किलोमीटरवरून १ लाखावर येईल. अहवाल कोणा ऐऱ्यागैऱ्याचा नाही. हवामानबदलाचा अभ्यास तपासणाऱ्या ‘आयपीसीसी’ या आंतरराष्ट्रीय मंडळाचा तो २००७ सालचा अहवाल आहे. त्याच वर्षी या मंडळाला शांततेच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला होता. मग हे वाक्य उतरवून घ्यायला हरकत कोणती?

थोडे थांबा. कागद आणि पेन्सिल घ्या. शाळेत शिकलेल्या अंकगणितापलीकडे आपल्याला काहीही लागणार नाही.

प्रथम ती दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून वाचा. पहिले म्हणते, २०३५ पर्यंत हिमनद्या नाहीशा होतील. दुसरे म्हणते, त्याच वर्षी १ लाख चौरस किलोमीटर हिमनद्या शिल्लक असतील. दोन्ही एकाच वेळी खरी कशी असतील?

आता ५ लाखांचा आकडा पाहा. हिमालय आणि काराकोरम या दोन्ही पर्वतरांगांतील सर्व हिमनद्यांचे एकूण क्षेत्र सुमारे ४० हजार चौरस किलोमीटर भरते. म्हणजे अहवालातला आकडा प्रत्यक्षाच्या दहापटीहून अधिक आहे. इतकेच नव्हे, तर ‘घटून उरलेले’ १ लाखही आजच्या क्षेत्रापेक्षा जास्त आहे!

तिसरी कसोटी भौतिकशास्त्राची. मोठ्या हिमनदीत बर्फाची जाडी शंभर मीटरहून अधिक असते. या शतकाच्या सुरुवातीला हिमालयातील हिमनद्या दरवर्षी सरासरी अर्ध्या मीटरच्या आसपास पातळ होत होत्या. २००७ ते २०३५ ही वर्षे २८. या वेगाने २८ वर्षांत वितळेल तो फक्त १४ मीटर जाडीचा थर. शंभर मीटर बर्फ तेवढ्या काळात संपवायचा, तर वेग एकदम सातपट व्हायला हवा, आणि तसे होण्याचे काही कारण अहवालात दिलेले नव्हते. लहान व पातळ हिमनद्या लवकर संपतील हे खरे, पण सगळ्याच्या सगळ्या संपणे या हिशेबात बसत नाही.

मग हा आकडा आला कोठून? अहवालात या वाक्यापुढे संदर्भ दिलेला होता, ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ, २००५’. निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेचा तो अहवाल. त्या अहवालाने २०३५ साठी आधार घेतला होता तो ‘न्यू सायंटिस्ट’ या साप्ताहिकातल्या १९९९ सालच्या एका बातमीचा. ती बातमी एका शास्त्रज्ञाच्या बोलण्यावर आधारलेली होती, छापून आलेल्या आणि इतर तज्ज्ञांनी तपासलेल्या संशोधनावर नव्हे. दिल्लीहून निघणाऱ्या ‘डाउन टू अर्थ’ या नियतकालिकातही १९९९ सालीच जवळजवळ त्याच शब्दांतले वाक्य छापले गेले होते. म्हणजे दोरी ओढत मागे गेलो, तर टोकाला मोजमाप बांधलेले नाही, कोणाचे तरी अनुमान आहे.

पाच लाखांचा माग काढल्यावर मात्र एक छापील मूळ सापडते. रशियन हिमनदीतज्ज्ञ कोटल्याकोव्ह यांनी संपादित केलेल्या आणि १९९६ साली युनेस्कोने प्रसिद्ध केलेल्या अहवालात हेच आकडे आहेत. ५ लाखांवरून १ लाख चौरस किलोमीटर. पण तेथे विषय आहे ध्रुवप्रदेशाबाहेरच्या, साऱ्या पृथ्वीवरच्या हिमनद्यांचा. आणि साल आहे २३५०! शेवटचे शून्य उडी मारून दोनच्या शेजारी जाऊन बसले, पृथ्वीचा हिमालय झाला, आणि तीनशे पंधरा वर्षे गळून पडली.

मित्रहो, येथे एक बारकावा ध्यानात घ्या. नियतकालिकात ‘शक्यता फार मोठी’ असे लिहिले, तर ते बोलण्यातले शब्द असतात. आयपीसीसीच्या अहवालात शक्यतेच्या शब्दांना ठरलेले मोल असते. तेथे ‘फार शक्य’ म्हणजे ९० टक्क्यांहून अधिक शक्यता. सैल भाषेतले वाक्य काटेकोर भाषेच्या पुस्तकात जसेच्या तसे गेले आणि कोणीही मोजमाप केलेले नसताना त्याला आपोआप नव्वद टक्क्यांचे वजन आले.

या चुकीचे पुढे काय झाले? जवळजवळ हजार पानांच्या त्या ग्रंथात हे वाक्य दोन वर्षे निवांत पडून होते. नोव्हेंबर २००९ मध्ये भारत सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने हिमालयातील हिमनद्यांवर एक टिपण प्रसिद्ध केले. त्याचा सूर आयपीसीसीहून निराळा होता. मंडळाच्या अध्यक्षांनी त्या टिपणाची कडक शब्दांत संभावना केली. पुढे काही हिमनदीतज्ज्ञांनी वर सांगितलेली साखळी उलगडून दाखवली, आणि २० जानेवारी २०१० रोजी मंडळाला जाहीर निवेदन काढून कबूल करावे लागले की या परिच्छेदात पुराव्याचे आपलेच नियम नीट पाळले गेले नाहीत. चूक शोधणाऱ्यांत हवामानबदल खरा मानणारे शास्त्रज्ञच होते. पण वर्तमानपत्रांतून प्रश्न विचारला गेला तो वेगळाच. हे एक खोटे, तर बाकीचे खरे कशावरून? हिमनद्यांचे भौतिकशास्त्र त्याच अहवालाच्या दुसऱ्या खंडात तज्ज्ञांनी नीट मांडलेले होते, पण त्याकडे कोण लक्ष देणार? पुढे त्याच वर्षी जगातील विज्ञान अकादमींच्या परिषदेने मंडळाच्या कामाची तपासणी केली आणि तपासणी न झालेल्या लिखाणाचा आधार घेताना काटेकोरपणा वाढवा, अशी शिफारस केली.

त्याच प्रकरणात आणखी एक चूक होती, आणि ती तुम्ही स्वतः पकडू शकाल. कुमाऊँमधील पिंडारी हिमनदी १८४५ ते १९६६ या काळात २८४० मीटर मागे हटली, असे कोष्टकात दिले होते. शेजारच्या रकान्यात वर्षाची सरासरी होती १३५.२ मीटर. भागाकार करून पाहा. १९६६ वजा १८४५ म्हणजे १२१ वर्षे. २८४० भागिले १२१ म्हणजे सुमारे २३.५ मीटर. मग १३५.२ कोठून आले? २८४० ला २१ ने भागून पाहा. उत्तर नेमके तेच येते. १२१ मधला शतकाचा एक कोणीतरी वाटेत गमावला! मूळ आकडे शेजारीच छापलेले होते, म्हणूनच ही चूक कोणालाही सापडू शकली. निष्कर्षाबरोबर तो ज्यातून काढला ते आकडेही द्यावेत, ते याचसाठी.

आता आपल्या भित्तिपत्रकाकडे वळू. आकडा टाळायचा नाही, तर तो नीट लिहायचा. एक खरे उदाहरण घेऊ. २०१९ साली उपग्रहचित्रांवरून केलेला एक अभ्यास ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यावरून घाईने लिहिणारा लिहील, ‘हिमालयातला बर्फ दुप्पट वेगाने वितळत आहे.’ वाक्य ऐकायला जोरकस, पण दुप्पट म्हणजे कशाच्या? कोणत्या काळात? किती हिमनद्या पाहून? तेच वाक्य असे लिहा: ‘२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिमालयातील ६५० हिमनद्या पाहण्यात आल्या. त्यांची दरवर्षाची सरासरी घट १९७५ ते २००० या काळात सुमारे २२ सेंटिमीटर आणि २००० ते २०१६ या काळात सुमारे ४३ सेंटिमीटर पाण्याइतकी होती.’ वाक्य लांबले खरे, पण आता त्यातला प्रत्येक शब्द कोणालाही तपासता येतो.

‘पाण्याइतकी’ हा शब्दही गाळू नका. बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो, म्हणून ४३ सेंटिमीटर पाणी होण्यासाठी सुमारे अर्धा मीटर बर्फ वितळावा लागतो. हा शब्द गळाला की तुमचा आकडा आणि दुसऱ्या पुस्तकातला अर्ध्या मीटरचा आकडा जुळणार नाही, आणि वाचणाऱ्याला वाटेल, दोघांपैकी एक चुकला.

राहिला प्रश्न संदर्भाचा. मूळ निबंध तुम्ही स्वतः पाहिला असेल तरच त्याचे नाव द्या. तुम्हाला तो आकडा पाठ्यपुस्तकात किंवा वर्तमानपत्रात मिळाला असेल, तर सरळ लिहा, ‘अमुक पुस्तकात दिल्याप्रमाणे’. यात कमीपणा काही नाही. उलट, चूक निघालीच तर ती साखळीच्या कोणत्या कडीत आहे, हे वाचकाला चटकन कळते. २०३५ चा माग लागला तो प्रत्येक कडीवर कोणीतरी नाव लिहून ठेवले होते म्हणूनच. आणि तुमच्याच लेखात चूक सापडली, तर पुढच्या अंकात त्याच जागी, जुना आकडा आणि नवा आकडा असे दोन्ही देऊन दुरुस्ती छापा.

हिमनद्या वितळत आहेत, वेगाने वितळत आहेत. हिंदुकुश व हिमालय प्रदेशाविषयीच्या २०१९ च्या आढाव्यानुसार, जागतिक तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या शतकाअखेर तेथील सुमारे एक तृतीयांश बर्फ नाहीसा होईल. ही गोष्ट पुरेशी गंभीर आहे. तिला २०३५ ची फोडणी देण्याची गरज नव्हती. ती दिली गेली, आणि खरे सांगणाऱ्यांचेही बोलणे काही काळ कोणी ऐकेना.

जाता जाता एक काम. आपल्या भूगोलाच्या किंवा विज्ञानाच्या पुस्तकातला कोणताही एक आकडा निवडा. तो कशाचा, कोणत्या सालचा, कोणत्या एककात आणि कोणी मोजलेला, एवढे चार प्रश्न वहीत लिहा आणि शिक्षकांच्या मदतीने उत्तरे शोधा. चारही सापडली तर उत्तम. एखादे अडले, तर तो आकडा भित्तिपत्रकावर लावण्याआधी आणखी एक दिवस थांबा.