ग्रेव्हीत तेल किती, भाकरीत पीठ किती?

‘कमी तेलात द्या,’ असं आपण वेटरला सांगतो, तोही मान डोलावतो. पण तोवर बहुतेक तेल भाजीत पडून गेलेलं असतं. बऱ्याच हॉटेलांत कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही आधीच मोठ्या पातेल्यात तयार असते. ऑर्डर आली की त्यातले दोन डाव घेऊन भाजी सोडतात. आचाऱ्याच्या हाती उरते फक्त वरची फोडणी. म्हणून कमी तेलाची भाजी खरोखर द्यायची तर ग्रेव्हीच वेगळी हवी.

समजा, दहा प्लेटांच्या ग्रेव्हीला २०० मिली तेल लागतं. म्हणजे प्लेटमागे २० मिली, चार छोटे चमचे. नुसत्या तेलाच्याच सुमारे १६५ कॅलरी. तीच ग्रेव्ही ५० मिलीत होते. कांदा उकडून वाटायचा आणि जाड बुडाच्या भांड्यात, झाकण ठेवून, मधूनमधून पाण्याचा हबका मारत शिजवायचा. घाई केली तर उग्र दर्प राहतो. तेल शेवटच्या फोडणीसाठी राखायचं, कारण मसाल्याचा बराचसा स्वाद तेलातच उतरतो. दाटपणाला उकडून वाटलेला दुधी घालावा. इथेच गडबड होते: तेल कमी केल्याची भरपाई म्हणून काजूची पेस्ट किंवा क्रीम वाढतं, टोमॅटोचा आंबटपणा मारायला साखर पडते. वर तवंग नसतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही.

मधुमेह्यासाठी तेलापेक्षा पिठाचा हिशेब जास्त महत्त्वाचा. ‘डायबेटिक थाळी’ म्हणून चपातीऐवजी ज्वारीची भाकरी वाढतात. भाकरीला तेल लागत नाही, हे चांगलंच. पण हॉटेलची मोठी भाकरी ८० ग्रॅम पिठाची असली, तर तिच्यात ५५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. ३० ग्रॅम पिठाच्या दोन चपात्यांपेक्षा जास्तच. सोबत वाटीभर भात आला की धान्य बदलल्याचा फायदा संपतो. भाकरी ५० ग्रॅम पिठाची करावी, भात मागितल्यावरच द्यावा आणि मोकळ्या जागेत मटकीची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर वाढवावी.

गुळाची खीर ‘साखरविरहित’ म्हणून विकणं मला सरळ फसवणूक वाटते. रक्तातली साखर गुळानेही वाढते. ‘शुगर फ्री’ या दाव्यासाठी आपल्या नियमांत १०० ग्रॅममध्ये जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम साखर चालते. साखर न घातलेली बासुंदीही त्यात बसत नाही, कारण दुधात स्वतःची साखर असते. तिच्यापुढे ‘वरून साखर घातलेली नाही, दुधाची साखर आहे’ असंच लिहावं.

‘डायबेटिक’ हा शिक्का तर मेनूवरून काढूनच टाकावा. त्याऐवजी लिहावं: ‘भाकरी १, पीठ ५० ग्रॅम, भाजीत तेल १ चमचा, गूळ-साखर नाही, काजू नाही.’ इन्सुलिन घेणाऱ्याला जेवणातल्या कर्बोदकांचा अंदाज लागतो. ती धरल्यापेक्षा कमी निघाली तर त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.