कोपऱ्यातून कोपऱ्याकडे: एका चिमणीचं ब्लँकेट

दीपनगर म्हणजे भुसावळच्या औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. इथल्या पोरांना चित्र काढायला सांगा, कागदावर चिमणी उभी राहतेच. तीच चिमणी बाळाच्या ब्लँकेटवर विणायची असेल, तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाणारी क्रोशाची पद्धत मला सगळ्यांत योग्य वाटते. या पद्धतीत विणकाम छोट्या चौकोनी घरांचं होतं. आलेखाच्या कागदावरचं एक घर म्हणजे सुईवरचं एक घर. त्यामुळे कागदावर रंगवता येईल ते लोकरीत उतरवता येतं. अडचण एवढीच की ओळी आडव्या जात नाहीत, त्या तिरक्या जातात.

२०१६ साली चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट करून गिनीज विक्रम नोंदवला. ते अनेक जणींनी विणलेले चौकोन जोडून झालं होतं. आपलं ब्लँकेट याच्या उलट आहे. ते एका टोकाला एका घराने सुरू होतं, समोरच्या टोकाला एका घरावर संपतं आणि मध्ये कुठेही शिवण येत नाही.

पहिलं घर असं: सहा साखळ्या घालायच्या आणि सुईपासूनच्या चौथ्या, पाचव्या, सहाव्या साखळीत एकेक खांब. सोडलेल्या तीन साखळ्यांची जी कमान होते, ती पुढच्या घराचा पाया. काम उलटवून पुन्हा सहा साखळ्या आणि तीन खांब घातले की कडेला नवं घर वाढतं. मग मागच्या घराच्या कमानीत स्लिप स्टिच, तीन साखळ्या आणि त्याच कमानीत तीन खांब. दुसऱ्या ओळीत दोन घरं झाली. तिसरीत तीन, चौथीत चार. ओळीच्या सुरुवातीच्या सहा साखळ्या हीच वाढ.

आता चिमणी. ब्लँकेट ३० घरं रुंद आणि ३६ घरं उंच धरू. साध्या जाड लोकरीने आणि पाच मिलिमीटरच्या सुईने घर साधारण अडीच सेंटिमीटरचं पडतं, म्हणजे बाळापुरतं ७५ बाय ९० सेंटिमीटर. हात सैल असेल तर मोठं होईल, म्हणून आधी दहा घरं विणून मोजावीत. मग ती उसवून लोकर किती लागली ते पाहावं आणि त्याला १०८ने गुणावं, कारण एकूण घरं १०८० आहेत. तिरक्या ओळी होतात ६५.

खालच्या सहा रांगा मातकट जमीन, वर निळं आभाळ. सातव्या रांगेपासून अठ्ठाविसाव्यापर्यंत राखाडी चिमणी, चार घरं रुंद, उजवीकडून चौदाव्या ते सतराव्या स्तंभात. सुरुवात खालच्या उजव्या कोपऱ्यातून. उजव्या हाताने विणणाऱ्यांची विषम ओळ सुलट बाजूने, उजव्या कडेवरून खाली डावीकडे उतरते आणि सम ओळ उलट बाजूने वर चढते. आलेखावर प्रत्येक ओळीला बाण काढून ठेवावा. डावखुऱ्यांचं चित्र आरशात पडतं, त्यांनी खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करावी. चिमणीला डावं-उजवं नसतं, पण बाळाचं नाव विणायला घेतलं की बाणाचं मोल कळतं.

चिमणीचं पहिलं घर विसाव्या ओळीत येतं, एकुलतं एक. एकविसाव्यात दोन, बाविसाव्यात तीन आणि तेविसाव्यात पूर्ण चार. तेविसावी ओळ वरून अशी उतरते: १३ निळी, ४ राखाडी, ६ मातकट. इथवर निळ्याचा एकच गुंडा पुरतो. चोविसावी ओळ खालून चढते तेव्हा जमीन संपल्यावर, चिमणीच्या अलीकडे, आभाळाचं एक घर उगवतं: ६ मातकट, १ निळं, ४ राखाडी, १३ निळी. या एका घरासाठी निळ्याचा दुसरा गुंडा जोडावाच लागतो. चिमणीमागून निळा धागा ओढून नेण्याचा मोह होतो, पण चार घरांचा तो लोंबता धागा बाळाच्या बोटात अडकतो आणि ताणला गेला तर चिमणीच आकसते. रंगाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळा छोटा गुंडा हाच नियम पाळावा.

विसाव्या ते पस्तिसाव्या ओळीपर्यंत हातात धरलेलं काम पाहिलं तर चिमणी कलल्यासारखी दिसते आणि अनेक जणी इथे उसवायला घेतात. उसवू नये. कापड कोपऱ्यावर उभं धरलेलं असतं, म्हणून तसं भासतं. खालची कड आडवी करून टेबलावर पसरलं की चिमणी सरळ उभी राहते. चूक ओळखायची ती मोजणीने. तेविसाव्यापासून एकेचाळिसाव्या ओळीपर्यंत राखाडी घरं चारच हवीत, पुढच्या तीन ओळींत तीन, दोन, एक.

रंग बदलताना दोष दिसतो तो सांध्यावर, निळ्या घराच्या बुडाशी राखाडी ठिपका राहून जातो. कारण स्लिप स्टिच जुन्या रंगाची पडलेली असते. उपाय असा: जुन्या रंगाचं घर पुरं झाल्यावर सुई पुढच्या कमानीत घालायची, धागा मात्र नव्या रंगाचा पकडायचा आणि तो कमानीतून आणि सुईवरच्या फाशातून एकदमच ओढायचा. मग तीन साखळ्या नव्या रंगाच्या. जुना धागा ओढून फासा बसवून घ्यायचा, पण घट्ट नाही. ओळीच्या सुरुवातीलाच रंग बदलायचा असेल तर सहा साखळ्यांआधी बदल झालेला हवा, म्हणून मागच्या ओळीच्या शेवटच्या खांबाचा अखेरचा फासा नव्या रंगाने ओढावा. सोडलेला धागा नेहमी उलट बाजूलाच राहिला पाहिजे. विषम ओळीत तो कामाच्या मागे टाकायचा, सम ओळीत पुढे, आपल्याकडे. एवढं एक चुकलं की सुलट बाजूवर आडवे टाके दिसतात.

तिसाव्या ओळीत रुंदी पुरी होते, उंची मात्र अजून बाकी असते. इथून सहा ओळी एक कड वाढते आणि दुसरी घटते. एकतिसावी ओळ उजव्या कडेला नेहमीच्या सहा साखळ्यांनी सुरू करायची, पण डाव्या टोकाला शेवटच्या कमानीत फक्त स्लिप स्टिच घालून काम उलटवायचं, तिथे घर विणायचं नाही. बत्तिसाव्या ओळीला सहा साखळ्या नाहीत. खालच्या घराच्या तीन खांबांवरून स्लिप स्टिचने चालत कमानीपर्यंत जायचं आणि तिथे पहिलं घर उभं करायचं. नवा रंग हवा असेल तर तो या चालीत आणायचा नाही, कमानीतल्या स्लिप स्टिचला आणायचा. नाहीतर खालच्या घराच्या माथ्यावर परका रंग चढतो. ओळीत ३० घरं भरली तर सगळं ठीक. ३१ झाली तर डावीकडे थांबायचं राहिलं, २९ झाली तर उजवीकडे वाढ राहिली. वाढत्या कडेला सेफ्टी पिन लावून ठेवली की हा गोंधळ होत नाही. सदतिसाव्या ओळीपासून पिन काढायची, कारण तिथून दोन्ही कडा घटतात.

या घटत्या कडांचा खरा शत्रू घट्ट हात. खांबांवरून चालणाऱ्या स्लिप स्टिच आवळल्या की वरची कड खालच्यापेक्षा अरुंद होते आणि ब्लँकेट पतंगासारखं ओढलेलं दिसतं. पन्नासाव्या ओळीच्या सुमारास ते पसरून वरच्या कडेची दहा घरं खालच्या दहा घरांशेजारी मोजावीत. फरक दिसला तर फक्त त्या स्लिप स्टिचपुरती अर्ध्या मिलिमीटरने मोठी सुई घ्यावी. इस्त्रीने ताणून जमवू नये. अॅक्रिलिकची लोकर उष्णतेने कायमची मऊ पडून लोळते.

पासष्टाव्या ओळीचं एकटं घर झालं की शेपट्या उरतात. प्रत्येकी निदान १५ सेंटिमीटर ठेवलेली असावी. ती आपल्याच रंगाच्या घरांत आधी एका दिशेने, मग उलट दिशेने आणि पुन्हा पहिल्या दिशेने ओवायची. एकाच दिशेला ओवलेली अॅक्रिलिकची शेपटी धुण्यात बाहेर येते. त्यानंतर चारी बाजूंनी खांबांची एक किनार घालायची आणि प्रत्येक कोपऱ्यात तीन खांब एकाच जागी.