चूक कमी होत असतानाच थांबायचे

यंत्राला शिकवताना पडद्यावर एक आकडा सारखा उतरत असतो. त्याला ‘लॉस’ म्हणतात. मॉडेलचे उत्तर खऱ्या उत्तरापासून किती दूर पडले, याचे ते माप. हा आकडा उतरतो आहे तोवर शिकवत राहावे, असे कुणालाही वाटेल. पण तो ज्या उदाहरणांवर मोजला आहे तीच मॉडेलला पुन्हा पुन्हा दाखवलेली असतील, तर तो उतरण्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. शिकवणे कधी थांबवायचे हे ठरवण्याचा अधिकार मॉडेलने न पाहिलेल्या उदाहरणांवरच्या लॉसला, म्हणजे ‘व्हॅलिडेशन लॉस’ला द्यायला हवा. मात्र हा दुसरा आकडाही डोळे झाकून वाचता येत नाही.

या क्षेत्रात शिकणाऱ्या बहुतेकांच्या हाताखालून गेलेला एक प्रयोग घेऊ. आयएमडीबी या संकेतस्थळावरच्या ५०,००० इंग्रजी चित्रपट-परीक्षणांचा संच स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०११ मध्ये खुला केला. त्यातली निम्मी परीक्षणे स्तुतीची, निम्मी नापसंतीची. २५,००० शिकवण्यासाठी, २५,००० अखेरच्या चाचणीसाठी. परीक्षण वाचून ते कोणत्या बाजूचे हे मॉडेलने सांगायचे. ‘केरास’ ही प्रणाली लिहिणारे फ्रान्स्वा शॉले यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात यासाठी अगदी लहान मॉडेल घेतले आहे. सर्वाधिक वापरलेले १०,००० शब्द, प्रत्येकी १६ घटकांचे दोन थर आणि शेवटी एक उत्तर. शिकवण्याच्या २५,००० परीक्षणांतली १०,००० त्यांनी व्हॅलिडेशनसाठी बाजूला काढली आणि उरलेल्या १५,००० वर वीस फेऱ्या, म्हणजे ‘इपॉक’, चालवल्या.

अशा दोन पर्यायांच्या प्रश्नात निव्वळ अंदाजपंचे उत्तर दिले, तर लॉस ०.६९ च्या आसपास येतो. तिथून दोन्ही रेषा सुरुवातीला बरोबरीने खाली येतात. चौथ्या फेरीच्या सुमारास मात्र त्यांची फारकत होते. ट्रेनिंग लॉस विसाव्या फेरीपर्यंत शून्याकडे सरकत राहतो, तर व्हॅलिडेशन लॉस तळ गाठून वर वळतो आणि शेवटी तळाच्या जवळपास दुपटीवर किंवा त्याहूनही वर पोहोचतो. कारण हिशेबात सापडते. हे मॉडेल ‘लहान’ म्हटले तरी त्यात बदलता येणारे १,६०,३०५ आकडे आहेत आणि उदाहरणे फक्त १५,०००. सर्व परीक्षणांना लागू पडणाऱ्या खुणा, उदाहरणार्थ ‘कंटाळवाणा’ किंवा ‘अप्रतिम’ अशा अर्थाचे शब्द, पहिल्या काही फेऱ्यांतच हाती लागतात. त्यानंतर लॉस आणखी उतरवायचा तर एकेका परीक्षणातले योगायोग घोकण्यावाचून मार्ग नसतो. एखाद्या परीक्षणात आलेले दुर्मीळ आडनावही मग नापसंतीची खूण ठरते. हेच ओव्हरफिटिंग.

यावर पहिला आक्षेप असा: त्याच प्रयोगात व्हॅलिडेशनवरची अचूकता फारशी ढासळत नाही, ती ८७ टक्क्यांच्या आगेमागे रेंगाळते. मग लॉस वाढला म्हणून बिघडले कुठे? समजा, १०० परीक्षणांत ८७ उत्तरे बरोबर आणि १३ चूक आहेत. बरोबर उत्तरे मॉडेलने ८० टक्के खात्रीने दिली आणि चुकलेली ६० टक्के खात्रीने, तर सरासरी लॉस सुमारे ०.३१ येतो. आता तीच ८७ बरोबर आणि तीच १३ चूक, पण प्रत्येक उत्तर ९९ टक्के खात्रीने दिलेले. लॉस सुमारे ०.६१ होतो, कारण ठासून सांगितलेल्या प्रत्येक चुकीला ४.६ चा दंड बसतो. अचूकता तसूभरही हललेली नाही, तरी मॉडेल बिघडले आहे. कुठे शंका घ्यावी हेच त्याला कळेनासे झाले. त्याच्या टक्केवारीवर पुढचा निर्णय अवलंबून असेल, तर हे नुकसान खरे आहे. केवळ ‘हो’ की ‘नाही’ एवढेच हवे असेल, तर अचूकतेवर नजर ठेवून थांबणे समर्थनीय आहे. मात्र ते आधी ठरवलेले असावे, आलेख पाहून नव्हे.

दुसरी अडचण व्यवहाराची. प्रत्यक्षातली रेषा गुळगुळीत नसते. ती वर जाते, पुन्हा खाली येते. पहिल्या उसळीला थांबलो तर घाई होते, वाट पाहत राहिलो तर वेळ आणि वीज जाते. लुट्झ प्रेखेल्ट यांनी १९९८ च्या लेखात १२ प्रश्नांवर १,२९६ वेळा जाळी शिकवून थांबण्याचे वेगवेगळे नियम तपासले. सबुरीच्या नियमांनी निकाल सरासरी चारेक टक्क्यांनी सुधारला, पण शिकवण्याचा वेळ सुमारे चौपट लागला. सबुरी किती ठेवायची याचे उत्तर म्हणूनच खिशावरही ठरते. केरासमध्ये हा नियम एका ओळीत लिहिता येतो:

```python
EarlyStopping(monitor="val_loss", patience=3,
              restore_best_weights=True)
```

सलग तीन फेऱ्यांत व्हॅलिडेशन लॉसने नवा तळ गाठला नाही, तर थांब आणि सर्वोत्तम फेरीतले आकडे परत आण, असा याचा अर्थ. शेवटचा भाग विसरणे ही नेहमीची चूक. तो न लिहिल्यास हाती येते ते थांबतेवेळचे, म्हणजे तळ ओलांडून गेलेले मॉडेल.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. वर गेलेली रेषा पुन्हा खाली येऊ शकते. प्रितम नक्किरन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले की काही मोठ्या मॉडेलांत न पाहिलेल्या उदाहरणांवरची चूक आधी घटते, मग वाढते आणि शिकवत राहिल्यास पुन्हा घटते. २०२२ मध्ये तर शेषाच्या अंकगणितावरच्या एका प्रयोगात ट्रेनिंगची सगळी उत्तरे बरोबर येऊ लागल्यानंतर फार उशिरा मॉडेलला नियम उमगला. हे निष्कर्ष नाकारण्याचे कारण नाही. पण पहिल्या प्रयोगात हा परिणाम ठळकपणे दिसला तो उत्तरांत मुद्दाम चुका मिसळल्यावर आणि दुसरा नेमक्या नियमाच्या, छोट्या कृत्रिम संचावरचा आहे. आपल्या कामात दुसरी उतरण येईल अशी शंका असेल, तर एकदा मुद्दाम लांबवर शिकवून पाहावे. आशेवर प्रत्येक वेळी नव्हे.

राहिला प्रश्न व्हॅलिडेशनच्याच विश्वासार्हतेचा. आयएमडीबी संचात शिकवण्याचे आणि चाचणीचे चित्रपट जाणूनबुजून वेगळे ठेवले आहेत, कारण एकाच चित्रपटाची अनेक परीक्षणे त्यात आहेत. पण शिकवण्याच्या भागातून परीक्षणे नुसती मोजून बाजूला काढली, तर एकच चित्रपट दोन्हीकडे येण्याची शक्यता राहते. मग नावे घोकणेही व्हॅलिडेशनमध्ये खपून जाते आणि रेषा उशिरा वळते. शिवाय याच आकड्याकडे पाहून फेऱ्या, थर आणि सबुरी ठरवली की तोही हळूहळू पक्षपाती होतो. म्हणून चाचणीचा संच शेवटपर्यंत बंद ठेवायचा असतो. शॉले यांनी अखेरीस नव्याने, फक्त चार फेऱ्या शिकवलेल्या मॉडेलला त्या २५,००० परीक्षणांवर सुमारे ८८ टक्के अचूकता मिळाली. उरलेल्या सोळा फेऱ्यांची गरज नव्हती.