फुकटच्या दोन जीबीचा हिशेब

ड्रॉपबॉक्स ही अमेरिकी कंपनी सप्टेंबर 2008 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. आपल्या फायली एका फोल्डरमध्ये टाकायच्या, की त्या घरच्या आणि ऑफिसच्या दोन्ही कॉम्प्युटरवर आपोआप दिसू लागतात, एवढंच तिचं काम. दोन जीबीपर्यंत जागा फुकट. त्याहून जास्त हवी असेल तर तेव्हा 50 जीबीसाठी वर्षाला 99 डॉलर पडत.

गिऱ्हाईक मिळवायला कंपनीने सुरुवातीला सगळे करतात तेच केलं, गूगलवर जाहिराती दिल्या. त्याचा हिशेब संस्थापक ड्रू ह्यूस्टन यांनी पुढे जाहीरपणे सांगितला. पैसे भरणारं एक गिऱ्हाईक मिळवायला जाहिरातीवर 233 ते 388 डॉलर खर्च होत होते. म्हणजे 99 डॉलरची वस्तू विकायला दुप्पट-चौपट खर्च. जाहिरातीवरून येणाऱ्यांना फुकटचा पर्याय दिसूच नये, अशी युक्तीही करून पाहिली. तीही लागू पडली नाही. ज्याला अशी सोय असू शकते हेच ठाऊक नाही, तो ती शोधायला तरी कसा जाणार?

मग कंपनीने जाहिरातीच्या पैशांऐवजी जागाच वाटायला घेतली. एखाद्याने मित्राला बोलावलं आणि त्याने खातं उघडलं, की दोघांनाही आणखी थोडी फुकट जागा मिळायची. सुरुवातीला 250 एमबी, पुढे 500. नव्या खात्यांची संख्या यामुळे 60 टक्क्यांनी वाढली आणि तशीच टिकली. सप्टेंबर 2008 मध्ये एक लाख असलेली खाती जानेवारी 2010 पर्यंत 40 लाखांवर गेली.

फ्रीमियम म्हणतात ते हेच. सेवेचा एक भाग कायमचा फुकट आणि त्यापुढच्या भागाला पैसे. अनेकांना यात कंपनीचं औदार्य दिसतं, तर अनेकांना सापळा. मला दोन्ही पटत नाही. फुकट दिलेली जागा हा कंपनीचा विक्रीखर्च आहे, आणि तो कधी परवडतो हे आकडे मांडल्यावरच कळतं.

भाजीवाली मूठभर कोथिंबीर फुकट देते, पण ती भाजी घेणाऱ्यालाच. इथे उलटं आहे. फुकट घेणाऱ्यांपैकी बहुतेक कधीच काही विकत घेत नाहीत. 2018 मध्ये शेअर बाजारात उतरताना ड्रॉपबॉक्सने दिलेल्या कागदपत्रांनुसार नोंदलेली खाती 50 कोटींहून जास्त होती आणि पैसे भरणारे साधारण 1 कोटी 10 लाख. म्हणजे शंभरात दोन. हे दोघे वर्षाला सरासरी 112 डॉलरच्या आसपास देत होते, आणि बाकीच्या अठ्ठ्याण्णवांचा भार याच पैशांवर चालत होता. 2017 ची कमाई होती 110 कोटी डॉलर. ती सगळ्या खात्यांवर वाटली, तर खात्यामागे वर्षाला दोन डॉलरहून थोडे जास्त येतात. फुकट खात्याचा खर्च, कामगारांचे पगार आणि नफा, सगळं एवढ्यातच बसवायचं.

म्हणून अशा कंपनीत सगळ्यात महत्त्वाचा आकडा असतो तो आणखी एका माणसाला सेवा देण्याच्या खर्चाचा. ड्रॉपबॉक्स आपला साठा सुरुवातीला ॲमेझॉनच्या भाड्याच्या यंत्रणेवर ठेवत असे. पुढे तिने स्वतःची यंत्रणा उभारली आणि बहुतेक सगळा साठा तिथे हलवला. 2015 मध्ये शंभर डॉलरच्या कमाईतून सेवा चालवण्याचा खर्च वजा जाता 33 डॉलर उरत. 2017 मध्ये 67 उरू लागले. या खर्चात फुकट वापरणाऱ्यांच्या फायली ठेवण्याचा खर्चही धरलेला असतो. जिथे प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे माणूस राबवावा लागतो, उदाहरणार्थ शिकवणी किंवा घरपोच जेवण, तिथे शंभरात अठ्ठ्याण्णव जणांना फुकट देणारा धंदा काही महिन्यांतच झोपेल.

खर्च कमी असला तरी फुकट माणसाकडून काहीतरी मिळावं लागतं. ड्रॉपबॉक्सला त्याच्याकडून गिऱ्हाईक मिळत होतं. समजा, लग्नाचे फोटो काढणाऱ्या एखाद्याने ते एका फोल्डरमध्ये टाकून दोन्ही घरच्यांना पाठवले. तो स्वतः एक पैसाही देत नसेल, पण त्याने आठ-दहा घरांत ही सेवा दाखवली, तीही जाहिरातीशिवाय. त्यातल्या एखाद्याच्या ऑफिसात उद्या साठ जणांसाठी तीच सेवा घेतली जाऊ शकते.

आता प्रश्न कुंपणाचा. फुकटची हद्द कुठे आखायची? फार आत आखली, तर सेवेची सवय लागण्याआधीच माणूस निघून जातो. फार बाहेर आखली, तर पैसे भरायची वेळच येत नाही. दोन जीबीचं कुंपण मला हुशारीचं वाटतं, कारण माणूस जितका या सेवेवर विसंबतो तितका तो आपणहून त्याच्या जवळ येतो. जागा भरल्याची सूचना येते तेव्हा त्याची वर्षांची कागदपत्रं तिथे असतात, आणि ती उचलून दुसरीकडे नेण्यापेक्षा पैसे भरणं सोपं वाटतं. तरीही बहुतेकांच्या दोन जीबी भरत नव्हत्या. मार्च 2019 मध्ये कंपनीने दुसरं कुंपण घातलं, फुकट खातं फक्त तीन उपकरणांवर जोडता येईल. फोन, लॅपटॉप आणि ऑफिसचा कॉम्प्युटर वापरणारा माणूस लगेच त्या कुंपणाला टेकतो. नियम बदलायचा कंपनीला हक्क आहे, हे खरं. पण वर्षानुवर्षं फुकट म्हणून लावलेल्या सवयीवर मग हद्द आखणं मला खटकतं.

पैसे एकदाच न घेता दरमहा का घेतात, हेही याच हिशेबात येतं. साठ्याचा खर्च दरमहा चालू असतो, म्हणून कमाईही दरमहा हवी. अशा धंद्यात सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण नफा-तोटा ठरवतं. समजा, महिना शंभर रुपये देणारे हजार जण आहेत. दरमहा पन्नास जण सोडत असतील, तर सरासरी गिऱ्हाईक वीस महिने टिकतं आणि दोन हजार रुपये देतं. वीसच जण सोडत असतील, तर ते पन्नास महिने टिकतं आणि पाच हजार देतं. दर तोच, सेवा तीच, कमाई अडीचपट. वर्षाची वर्गणी एकदम भरली तर सवलत का मिळते, ते यातून कळतं. ड्रॉपबॉक्सचा महिन्याचा दर तेव्हा 9.99 डॉलर होता, म्हणजे वर्षाचे 99 भरणाऱ्याला जवळजवळ दोन महिने फुकट. त्या बदल्यात ‘चालू ठेवायचं की बंद करायचं’ हा विचार बारा वेळांऐवजी एकदाच होतो.

‘पहिला महिना फुकट’ म्हणत आधीच कार्डाचा नंबर घेणाऱ्या योजना मात्र मी या रांगेत बसवत नाही. फ्रीमियममध्ये माणूस गरज वाढल्यावर स्वतः ठरवून पैसे भरतो. कार्ड घेणाऱ्या योजनेत काही केलं नाही तरी पैसे जातात, आणि कमाईचा मोठा भाग लोकांच्या विसराळूपणावर अवलंबून राहू शकतो. तिथे खातं उघडायला एक बटण आणि बंद करायला सात पडदे असले, की हेतू उघड होतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी फसव्या ऑनलाइन रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात अशा वर्गणीच्या सापळ्याचा स्पष्ट समावेश आहे.

त्याआधीच, 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप होणाऱ्या कपातींचे नियम लागू झाले आहेत. पहिली परवानगी देताना ओटीपीसारखी जादा खातरजमा लागते, आणि दर कपातीच्या किमान 24 तास आधी बँकेने ग्राहकाला कळवावं लागतं. त्या संदेशात कुणाला, किती आणि कधी पैसे जाणार ते लिहिलेलं असतं. ती कपात, किंवा पुढच्या सगळ्याच कपाती, थांबवण्याची सोयही द्यावी लागते. आपोआप जाणारे पैसे कंपनीच्या पानावरून थांबवायचा रस्ता सापडला नाही, तरी ते बँकेकडून थांबवता येतात.